म्हणूनबाईंचं निकालपत्र

आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. समोर सगळे त्यांना 'बाई' म्हणतात आणि पाठ वळली की 'म्हणूनबाई'. हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांची काही हरकत नाही. उलट एकदा त्यांनीच मला सांगितलं, "नाव बरोबर आहे. मी कारण दिल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही, म्हणून पडलं असेल."

बाईंना नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. शिपायाने खिडकी लावू का विचारलं, तर "नको, कुंडीतल्या रोपांना ऊन लागतं, म्हणून राहू दे" असं पूर्ण वाक्य येतं. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला त्या बाहेर काढतात, पण आधी का काढलं ते सांगतात, आणि ते ऐकेपर्यंत तो आत येऊन बसलेला असतो. घरीही हेच. त्यांचे यजमान चष्म्यांचं दुकान चालवतात. दिवसभर लोकांना "हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का" एवढंच विचारून त्यांची बोलण्याची हौस फिटलेली असते, म्हणून संसार चाललाय, असं ते स्वतःच सांगतात. बाईंचा शब्द त्यांनाही लागलाय.

अशा बाईंना प्राचार्यांनी गुण-अपील समितीचं अध्यक्ष केलं. हे पद कुणाला नको असतं. एखाद्या विद्यार्थ्याला मिळालेल्या गुणांबद्दल तक्रार असेल आणि आधी शिक्षकाशी, मग विभागप्रमुखाशी बोलूनही ती मिटली नाही, तर ती या समितीपुढे येते. निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला तर शिक्षक तोंड फिरवतात, शिक्षकाच्या बाजूने दिला तर विद्यार्थी. चहा पाजायला कुणीच उरत नाही. समितीत बाई, वाणिज्य शाखेचे हिशेबसर, विद्यार्थ्यांची एक प्रतिनिधी आणि मी, असे चौघं. मी भाषा शिकवतो, त्यामुळे माझं कुणाशी शास्त्रीय वैर असण्याची शक्यता नाही, एवढ्या गुणावर माझी निवड झाली असावी.

यंदा आलेलं अपील एका मुलीचं होतं. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तिचं नाव 'बाटलीवाली' पाडलं होतं, कारण शेवटच्या वर्षभर तिच्या पिशवीत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या खळखळत असायच्या. ती 'नमुने आणि मोजमाप' या विषयात नापास झाली होती. पास व्हायला शंभरात चाळीस लागतात, तिला सदतीस पडले होते. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. आणि तिचं पुढचं सगळं या तीन गुणांवर अडलं होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली होती. जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवू, तोवर उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका आणून दाखव, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. तोवर जागा कोण धरून ठेवतो? जागा काय, लोक बसायला खुर्चीसुद्धा धरून ठेवत नाहीत.

तिच्या अर्जात तीन मुद्दे होते. पहिला, विषय सुरू होताना वाटलेल्या माहितीपत्रकात प्रकल्पाला वीस आणि अंतिम परीक्षेला चाळीस गुण लिहिले होते, प्रत्यक्षात प्रकल्पाला चाळीस आणि परीक्षेला वीस धरले. दुसरा, प्रकल्पाला मिळालेले गुण फार कमी आहेत, ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावेत. तिसरा, सरांचा तिच्यावर राग आहे.

हा तिसरा मुद्दा वाचून बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कारण हे सर म्हणजे आमचे नमुनेसर. त्यांचा कुणावर राग असणं म्हणजे उशीने कुणाला ठेच लागणं. वर्गात एखादं पोर जांभई देताना दिसलं तर आपलंच काही चुकलं असेल म्हणून तेच माफी मागतात. आणि गेली कित्येक वर्षं मधल्या सुट्टीत ते आणि म्हणूनबाई एकत्र चहा घेत आलेत. बाई बोलतात, सर मान डोलावतात, असा तो चहा असतो.

बाईंनी पहिलं काम केलं ते हे. त्यांनी समितीला आणि बाटलीवालीलाही लिहून कळवलं की सर माझ्या विभागातले नाहीत, पण माझे स्नेही आहेत, म्हणून तुमची हरकत असेल तर मी बाजूला होते, दुसरं कुणी अध्यक्ष होईल. मुलीचं उत्तर आलं की हरकत नाही. त्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत बाईंनी सरांबरोबरचा चहा बंद केला. सरांना त्यामागचं कारण अर्थातच सविस्तर सांगितलं. सर म्हणाले, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे. आणि मग मधल्या सुट्टीत ते शिक्षकखोलीच्या एका टोकाच्या खिडकीत कप घेऊन उभे राहायचे, बाई दुसऱ्या टोकाला. मधे आम्ही सगळे नजर कुठे ठेवावी या पंचाईतीत. घरातल्या दोन मोठ्यांचं बोलणं बंद असावं आणि मुलांनी जेवायला बसावं, तसा तो चहा लागायचा.

नमुनेसरांचं लेखी उत्तर आलं. त्यात काही लपवलेलं नव्हतं. ते लपवायला त्यांना जमलंही नसतं. सत्राच्या मध्यावर मुलांनीच त्यांना गाठलं होतं. सर, प्रकल्पात आम्ही एवढं राबतोय, त्याला वीसच गुण? आणि तीन तासांच्या परीक्षेला चाळीस? सरांना ते पटलं. पोरं घाम गाळतायत हे बघून त्यांना काहीही पटतं. त्यांनी भर वर्गात विचारलं, प्रकल्पाला चाळीस आणि परीक्षेला वीस करूया, कोणाकोणाला मान्य आहे? झाडून सगळे हात वर गेले. सरांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. उत्तराच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'निर्णय सर्वानुमते झाला असून सदर विद्यार्थिनीनेही हात वर केला होता.'

हिशेबसर हे वाचून खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या दृष्टीने खातं बंद झालं होतं. म्हणाले, हात वर करायचा, आणि नंतर गुण पडले नाहीत की माहितीपत्रक काढायचं, हे बरं आहे. उद्या प्रकल्पात जास्त पडले असते तर ही आली असती का?

सुनावणी समितीच्या खोलीत झाली. एरवी ती खोली जुन्या नकाशांची, म्हणून तिथे भिंतीवर गुंडाळ्या आणि मधे एक लांबलचक टेबल. बाईंनी मुलीला आणि सरांना एकाच वेळी बोलावलं होतं, कारण एकाच्या माघारी दुसऱ्याने सांगितलेलं ऐकणं त्यांना मंजूर नव्हतं. मुलगी टेबलाच्या कडेला बसली. बाटल्यांची पिशवी नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं.

बाईंनी सगळ्यात आधी अवघड तेच विचारलं. तू हात वर केला होतास का?

मला वाटलं, आता ही आठवत नाही म्हणेल, आणि म्हटलं असतं तर कुणी तिला खोटं पाडू शकलं नसतं. हातांचा कुणी फोटो काढला नव्हता.

"केला होता," ती म्हणाली. "तेव्हा आमच्या गटात तिघं होतो, बाई. नंतर एकाला नोकरी लागली आणि दुसरीने विषयच बदलला. मग मी एकटीच राहिले."

हिशेबसरांनी माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने पाहिलं. पण बाई पुढे सरांकडे वळल्या होत्या. त्यांनी विचारलं की हात वर करायला सांगितल्यावर, कोणाला मान्य नाही, हेही विचारलं होतं का? सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नाही, ते नव्हतं विचारलं. विचारायची गरजच वाटली नाही. त्या दिवशी वर्गाला गैरहजर कोण होतं? तेही बघितलं नव्हतं. बदलासाठी विभागाची मंजुरी घेतली? नाही. मुलांना लेखी कळवलं? फळ्यावर लिहिलं होतं, सर म्हणाले, आणि मग स्वतःच हळू आवाजात जोडलं, दुसऱ्या तासाला पुसलं असेल.

रागाबद्दल विचारलं तेव्हा मुलीने सांगितलं की प्रकल्पाची वही परत देताना सर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. बाकीच्यांशी बोलले होते. सर कावरेबावरे झाले. त्यांनी सांगितलं की तिला एकटीला एवढं काम पडलं हे बघून त्यांना वाईट वाटलं होतं, त्यात एवढे कमी गुण द्यावे लागले, आता काय बोलावं ते सुचलं नाही. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. हे असं काही असेल असं तिला वाटलं नसावं.

दोघं बाहेर गेल्यावर खरी जुगलबंदी झाली. हिशेबसरांचा मुद्दा सोपा होता आणि खरं सांगायचं तर मलाही तो वजनदार वाटत होता. स्वतः कबूल केलेली गोष्ट कशी मोडायची? बाईंनी आधी विद्यार्थी प्रतिनिधीला विचारलं, तू त्या वर्गात असतीस तर काय केलं असतंस?

ही प्रतिनिधी तोवर समितीत पाहुण्यासारखी अंग चोरून बसायची. ती म्हणाली, "सर समोर उभे आहेत, आणि गुण त्यांच्याच हातात आहेत. मी हात खाली ठेवला तर सरांना दिसणार ना. कोण ठेवेल?"

हिशेबसर म्हणाले, पण आपले नमुनेसर असल्या गोष्टी मनात धरत नाहीत. प्रतिनिधी म्हणाली की ते तुम्हाला माहीत आहे, सर, आम्हाला कसं माहीत असणार? आणि सगळेच शिक्षक नमुनेसर नसतात.

यावर हिशेबसरांनी टेबलावरचं पेन उचलून टोपण लावलं. हा माणूस हट्टी आहे, पण आकडा जुळत नसेल तर पुन्हा बेरीज करणारा आहे.

मग बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. नियम सरळ होता: सत्र सुरू झाल्यावर गुणांची विभागणी बदलायची तर विभागाची मंजुरी हवी आणि प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी सूचना हवी. विद्यार्थ्यांनी होकार दिला तर नियम लागू नाही, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या की हा नियम मुलांच्या संरक्षणासाठी केलाय, त्यांनी घाईत दिलेल्या होकारापासूनही. आता तिच्या होकाराने नियम रद्द झाला असं धरलं, तर उद्या कुठलाही शिक्षक वर्गात हात वर करायला लावेल आणि झालं. म्हणून तिने हात वर केला होता की नाही, यावर आपला निर्णय अवलंबून नाही.

एवढ्या लांब वाक्यात 'म्हणून' शेवटी आलं, पण बसलं बरोबर.

जुन्या विभागणीने हिशेबसरांनीच बेरीज केली. स्वाध्यायाचे वीसपैकी अकरा, चाचणीचे वीसपैकी आठ, हे दोन्हीकडे तेच. प्रकल्पात तिला शेकडा वीस पडले होते. चाळीसपैकी ते आठ होतात, वीसपैकी चार. परीक्षेत निम्मे, म्हणजे वीसपैकी दहा होते, चाळीसपैकी वीस झाले. एकूण त्रेचाळीस. हिशेबसरांनी वरून खाली आणि खालून वर, दोन्ही वेळा बेरीज केली, आणि त्रेचाळीस आकड्याभोवती गोल केला. त्या गोलात किंचित समाधान होतं असं मला दिसलं, पण ते त्यांना विचारायची सोय नाही.

प्रकल्पाच्या गुणांवर फारशी चर्चा झाली नाही. प्रकल्प कसा तपासणार याचे निकष सुरुवातीलाच दिले होते, सर्वांना सारखे लावले होते. काम चांगलं की वाईट हे ठरवणं विषयाच्या शिक्षकाचं काम आहे. समितीने फक्त पद्धत नीट पाळली का ते बघायचं. वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि भाषा मिळून पाण्याचा प्रकल्प तपासायला बसली असती तर पाण्याने आत्महत्या केली असती. रागाचा मुद्दाही पुराव्याअभावी नाकारायचा ठरला.

आता पत्र लिहायचं. आणि घोडं तिथेच अडलं.

समितीची पत्रं आजवर कार्यालयातले मोठे बाबू लिहीत. त्यांच्याकडे एक ठरलेला नमुना आहे. 'आपल्या उपरोक्त संदर्भाधीन अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की' अशी सुरुवात होते, मग संदर्भ क्रमांकांची वरात निघते, आणि पानाच्या तळाशी, सहीच्या जरा वर, नवरदेव अवतरतो: 'अर्ज अंशतः मान्य करण्यात येत आहे.' किती अंश, कोणता अंश, का, याचा पत्ता नाही. गेल्या वर्षी एका मुलाला असं पत्र मिळालं तेव्हा तो पास झाला की नापास हे विचारायला आईवडिलांसकट कार्यालयात आला होता. मोठ्या बाबूंनी त्याला पुन्हा तेच पत्र दिलं.

बाईंनी त्यांना सांगितलं की यंदा पत्र मी लिहिणार. निकाल पहिल्या ओळीत येईल, आणि प्रत्येक मुद्द्याचं कारण खाली. यजमानांच्या दुकानातल्या तक्त्यावर मोठं अक्षर सगळ्यात वर असतं, कारण ते आधी वाचता यायला हवं. पत्रातही तसंच.

मोठे बाबू पदरचं काही जात नसतानाही दुखावले. ते वाईट माणूस नाहीत. नोकरीभर त्यांनी पत्राचा एकही शब्द कुणाच्या हातात सापडणार नाही याची काळजी घेतली आहे. त्यांचं म्हणणं असं, "कारण दिलं की समोरच्याला धरायला जागा मिळते, मॅडम."

"धरू दे की," बाई म्हणाल्या. "धरता यावं, म्हणूनच द्यायचं. आम्ही चुकलो असू तर कुठे चुकलो ते तिला दिसायला हवं. वर अपील करायचं झालं तर ती काय लिहील? उपरोक्त अनुषंग?"

मोठे बाबू म्हणाले की हे वाचून वर्गातली सगळी पोरं रांग लावतील. बाईंनी सांगितलं की रांगेची गरजच नाही. विभाग सगळ्या वर्गाचे गुण दोन्ही पद्धतींनी मोजेल आणि ज्याचे ज्यात जास्त होतील ते धरेल. चूक शिक्षकाकडून झाली, त्यामुळे कुणाचा एकही गुण कमी होणार नाही. मग बाबूंनी विचारलं, "निदान 'उपरोक्त' तरी राहू द्या?" बाईंनी एका ठिकाणी राहू दिलं. पुढच्या खर्ड्यात तेही गेलं, पण ते बाबूंच्या लक्षात आलं नाही.

बाईंनी पत्र चार वेळा लिहिलं. पहिला खर्डा इतका लांब झाला की त्यात गुणविभागणीचा इतिहासच आला होता. कारणं लेखी देण्याची इतकी वर्षं दाबून ठेवलेली हौस एकदम मोकळी झाली असावी. समितीने मिळून तो छाटला. एका ठिकाणी बाईंनी 'तुझी परिस्थिती समजून' असं लिहिलं होतं. हिशेबसर म्हणाले हे काढा. पास ती दयेने होत नाहीये, नियमाने होतेय, ते तिला कळू दे. बाईंनी ती ओळ खोडली. हात वर केल्याचा उल्लेख ठेवायचा की नाही यावर मी म्हटलं गाळूया, तिला लाज वाटेल. बाई म्हणाल्या नाही, सरांनी तो मुद्दा मांडला होता, त्याचं उत्तर पत्रात नसेल तर सरांना वाटेल आपलं ऐकलंच नाही. पत्राची एक प्रत त्यांनाही जाणार होती.

शेवटी जे पत्र गेलं ते दीड पानाचं होतं. सुरुवात अशी:

'आपलं अपील अंशतः मान्य झालं आहे. या विषयाचा आपला निकाल अनुत्तीर्णऐवजी उत्तीर्ण असा बदलला जाईल. गुण सदतीसऐवजी त्रेचाळीस होतील. प्रकल्पाला मिळालेले गुण बदलणार नाहीत. असं का ठरलं ते पुढे सांगितलं आहे.'

आणि मधला परिच्छेद:

'बदलाला आपण वर्गात हात वर करून संमती दिली होती, असं शिक्षकांनी सांगितलं आणि आपण ते मान्य केलं. समितीने याचा विचार केला. परंतु गुणांची विभागणी बदलण्यासाठी विभागाची मंजुरी आणि लेखी सूचना नियमाने आवश्यक आहे. यांपैकी काहीच झालेलं नाही. ही अट विद्यार्थ्यांच्या संमतीने रद्द होत नाही, कारण गुण देणाऱ्या व्यक्तीसमोर नकार देणं विद्यार्थ्याला सोपं नसतं. म्हणून माहितीपत्रकातली मूळ विभागणीच लागू होते.'

त्याखाली बेरीज मांडली होती, दोन्ही पद्धतींची, शेजारी शेजारी. मग प्रकल्पाबद्दल: समिती शिक्षकांच्या विषयज्ञानाच्या जागी आपला निर्णय ठेवू शकत नाही, निकष आधी जाहीर होते आणि सर्वांना सारखे लावले गेले, म्हणून ते गुण कायम. शिक्षकांच्या रागाबद्दल: आपण सांगितलेली घटना समितीने ऐकली, तिच्यावरून पक्षपात झाला असं म्हणता येत नाही, म्हणून हा मुद्दा अमान्य. शेवटी, सुधारित गुणपत्रिका परीक्षा विभाग येत्या शुक्रवारपर्यंत देईल, आणि हा निर्णय मान्य नसेल तर कोणाकडे, किती मुदतीत दाद मागता येईल, ते. मोठ्या बाबूंनी पत्रावर शिक्का मारताना ते पूर्ण वाचलं. "समजतंय," ते म्हणाले, आणि हे कौतुक होतं की तक्रार, हे त्यांच्या आवाजावरून कळलं नाही.

पत्र गेलं त्याच दुपारी सर आणि बाई पुन्हा एका खिडकीत उभे दिसले. सर्व शिक्षकखोलीचा जीव भांड्यात पडला. सरांनी आपल्या चुकीबद्दल बाईंची माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी त्यांना माफी आपल्याकडे का मागायची नाही याची कारणं सांगितली, आणि सरांनी मान डोलावली. मला तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की मी साखर दोनदा टाकली.

शुक्रवारी बाटलीवाली आली. बाई प्रयोगशाळेत होत्या, मी तिथे उगाचच गेलो होतो. पिशवी खांद्याला होती आणि तिच्यात गुणपत्रिका होती. पाणीकेंद्रातल्या साहेबांना ती सकाळी दाखवून आली होती. सोमवारपासून कामावर ये, म्हणाले होते. हे सगळं तिने एका श्वासात सांगितलं आणि मग तिला हसू येऊ लागलं. ते थांबेना.

बाईंनी विचारलं, पत्र नीट समजलं ना? ती म्हणाली की पहिली ओळ वाचून ती जिन्यावरच बसली होती आणि बाकीचं पत्र तिने संध्याकाळी, घरच्यांचं ओरडून झाल्यावर वाचलं. प्रकल्पाचे गुण बदलले नाहीत याचं जरा वाईट वाटलं, पण का ते कळलं. मग ती थोडी घुटमळली.

"बाई, सरांच्या रागाबद्दल मी लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं. त्यांना तसं सांगितलं तर चालेल?"

अपील संपलंय, म्हणून आता चालेल, बाई म्हणाल्या.

नमुनेसरांची खोली प्रयोगशाळेच्या समोरच. ती आत गेली आणि दार लोटलं. बाई सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या, पण काच रिकामी होती, हे मला बाजूने दिसत होतं. मी भिंतीवरचा पानांच्या आकारांचा तक्ता मन लावून वाचत होतो. आतून सुरुवातीला मुलीचा बारीक आवाज आला, मग सरांचा, मग बराच वेळ फक्त सरांचाच. ते माफी मागत असतील असं मला वाटलं. पण माफी एवढा वेळ चालत नाही आणि तिच्यात खडूचा आवाज येत नाही.

शेवटी ती बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीला खडू लागला होता. चेहरा परीक्षेतून सुटलेल्या माणसासारखा.

बाईंनी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, सुनावणीत सांगायचं राहिलं ते आता ऐक. पाण्याच्या चाचण्या म्हणे मी सगळ्या बरोबर केल्यात. एकही चुकली नाही. पण बाटल्या भरल्या कुठून? आमच्या गल्लीतून, मावशीच्या घरून आणि कॉलेजच्या नळावरून. आणि मथळा दिला 'शहराच्या पाण्याची शुद्धता'." ती पिशवी सावरत म्हणाली, "एकटीला लांब जायला जमलं नाही हे खरंय. पण मग मथळा 'आमच्या गल्लीचं पाणी' असा द्यायचा होता. वीस टक्केसुद्धा सरांनी चाचण्यांकडे बघून दिले म्हणे."

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. "पटलं?"

"पटलं," ती म्हणाली. "नळ कसे निवडायचे तेही फळ्यावर काढून दिलंय. सोमवारी कामावर गेले की तिथे पहिलं तेच विचारणार आहे, तुम्ही नमुने कुठून कुठून घेता."

बाईंचा चेहरा असा खुलला की मला साहेबांची काळजी वाटली. "विचार," त्या म्हणाल्या. "आणि त्यांनी नुसतं ठिकाण सांगितलं तर थांबू नकोस. तिथूनच का, ते विचार."